हेडफोन नाही, तरी चिन्ह आहे

पाऊस लागला की गोव्यात माझ्याकडे हमखास येणारी तक्रार: "रिंग वाजते, पण फोन उचलला की काहीच ऐकू येत नाही." परवा शेजारचे काका हेच सांगत आले. स्क्रीनवर हेडफोनचं चिन्ह, जॅक रिकामा. बोलताना स्पीकरचं बटण दाबलं की आवाज स्वच्छ! म्हणजे स्पीकर ठीक होता.

जॅकमध्ये धातूच्या बारीक पट्ट्या असतात. पिन आत गेली की त्यांचा जोड बदलतो आणि फोन आवाज हेडफोनकडे वळवतो. ओलसर धूळ बसली तरी फोनला तसंच वाटतं.

आधी ब्लूटूथ बंद करून पाहिलं. फरक नाही. मग फोन बंद करून, कव्हर काढून, जॅक खाली येईल असा रात्रभर पंख्यासमोर ठेवला. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते. हेअर ड्रायरही नको. सकाळी टॉर्च मारला तर आत खिशातला कचरा! लाकडी टूथपिकने कडेकडेने हलकेच काढला. टाचणीने पट्टी वाकली तर जॅकच बदलावा लागतो. नंतर हेडफोनची पिन पाच-सहा वेळा आत-बाहेर केली, फोन सुरू केला. चिन्ह गेलं.

नसतं गेलं तर सेफ मोडमध्ये पाहिलं असतं. तिथे चिन्ह दिसत नसेल तर दोष एखाद्या ॲपचा. तिथेही दिसलं तर बहुधा जॅकचाच. मग फॅक्टरी रीसेटने फक्त नातवंडांचे फोटो जातील.