फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी किती पैसे घेऊ शकते? बिलातल्या एका ओळीचं गणित समजून घ्या

भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडीत तुमचा फ्लॅट आहे. तुम्ही राहता ठाण्यात आणि फ्लॅट ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर भाड्याने दिलाय. पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात एक नवी ओळ दिसते : 'नॉन ऑक्युपन्सी चार्ज – ५०० रुपये'. सेक्रेटरींना विचारलं तर उत्तर येतं, 'सभेत ठराव झालाय.' ठराव झाला की विषय संपतो का? नाही. या शुल्काची मर्यादा सोसायटीची सभा नाही, तर सरकारी आदेश ठरवतो.

नियम काय सांगतो?

राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली एक आदेश काढला. त्यानुसार बिनभोगवटा शुल्क, म्हणजेच नॉन ऑक्युपन्सी चार्ज, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मुंबईतील माँट ब्लाँक सोसायटीच्या प्रकरणात हा आदेश मुंबई उच्च न्यायालयासमोर आला आणि २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम ठेवला. आदर्श उपविधींतही हीच मर्यादा आहे. सर्वसाधारण सभा त्याहून कमी दर ठरवू शकते, जास्त नाही.

फ्लॅटमध्ये भाडेकरू नसून मालकाचे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा किंवा विवाहित मुलगी राहत असेल, तर हे शुल्क लागत नाही.

१० टक्के, पण कशाचे?

खरी गल्लत इथेच होते. १० टक्के संपूर्ण बिलाचे नाहीत, फक्त सेवाशुल्काचे आहेत. वॉचमन आणि सफाई कामगारांचा पगार, ऑफिसची स्टेशनरी, ऑडिट फी, सभेचा खर्च हे सेवाशुल्कात येतं. घरपट्टी, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड आणि लिफ्टचा खर्च या वेगळ्या बाबी आहेत.

उदाहरणादाखल १,८०० रुपयांचं मासिक बिल घेऊ.

- घरपट्टी : २००
- पाणी : २५०
- दुरुस्ती निधी : ३००
- सिंकिंग फंड : १५०
- लिफ्ट : २००
- सेवाशुल्क : ७००

यात शुल्क जास्तीत जास्त ७० रुपये होतं. संपूर्ण बिलाचे १० टक्के धरले तर १८० होतात, तेही चूकच. ५०० रुपये घेतले तर दरमहा ४३० रुपये जास्त जातात आणि ११ महिन्यांच्या करारात ४,७३० रुपये.

मग लेखी तपशील का मागायचा?

कारण अनेक सोसायट्यांच्या बिलावर 'मेंटेनन्स – १,८००' एवढी एकच ओळ असते. सेवाशुल्क किती हेच कळत नसेल, तर त्याचे १० टक्के कसे काढणार? म्हणून 'शुल्क रद्द करा' म्हणण्याआधी आकडे मागा. सेक्रेटरींना साधं पत्र पुरेसं आहे :

'माझ्या सदनिकेच्या बिलात आकारलेल्या बिनभोगवटा शुल्काचा हिशोब, मासिक सेवाशुल्काचा बाबवार तपशील आणि ज्या सभेत हा दर ठरला त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशातील मर्यादेपेक्षा जास्त घेतलेली रक्कम पुढील बिलात वळती करावी.'

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या वादाचा पुढे उपयोग होत नाही, पोच असलेल्या पत्राचा होतो. सभेचं इतिवृत्त पाहण्याचा आणि ठरावीक फी भरून प्रत घेण्याचा सभासदाला हक्क आहे.

बिल भरायचं की थांबवायचं?

थांबवू नका. इथेच मालक स्वतःची बाजू कमकुवत करतात. पूर्ण बिल थकवलं तर तुम्ही थकबाकीदार ठरता. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याजाची तरतूद आहे, शिवाय सोसायटी वसुलीची कारवाईही करू शकते. वरच्या उदाहरणात १,८०० अधिक ७० असे १,८७० रुपये वेळेवर भरा आणि उरलेले ४३० का भरले नाहीत ते पत्रात लिहा. वाद नको असेल तर सगळी रक्कम 'हरकत नोंदवून' भरा. तपशील मिळालाच नाही, तर पोच, बिलं आणि भाडेकरार जोडून तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधकांकडे तक्रार करता येते.

आधी हे तपासा

हा नियम नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेला लागू आहे. इमारतीचा कारभार अजून बिल्डरकडेच असेल किंवा अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन असेल, तर हा आदेश तिथे थेट चालत नाही. बिलाच्या वर सोसायटीचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पत्र लिहिण्याआधी बघा.

सोसायटीची बाजूही आहे. भाडेकरू आले की नोंदी, पोलिस पडताळणीचे कागद, गेटवरची ये-जा अशी कामं वाढतात. त्यासाठीच १० टक्के दिलेत. त्यावर घेतलेला प्रत्येक रुपया मात्र हिशोबाशिवाय घेतलेला आहे आणि तो परत मागणं म्हणजे सोसायटीशी वैर नव्हे.