खेळाडूची नोंद : कोणाची, कोणासाठी?

डिसेंबर २००६ मध्ये दोहा येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजन हिने ८०० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. ती वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित कुटुंबातील मुलगी. स्पर्धेनंतर तिची लिंगचाचणी झाली आणि तिचे पदक काढून घेण्यात आले. या वेदनेहून मोठी वेदना पुढे होती. चाचणीचा निष्कर्ष, जो तिला व तिच्या डॉक्टरांनाच ठाऊक असावयास हवा होता, तो वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाला कळला. पदक गेले ते एका नियमाने. पण गावात मान वर करून चालणे कठीण झाले, ते एक कागद नको त्या हातांत गेल्यामुळे.

हे प्रकरण अनसिंगपासून दूरचे वाटेल. परंतु तसा कागद आज प्रत्येक शाळेत तयार होत आहे. ‘खेलो इंडिया’च्या शारीरिक क्षमता चाचणीत नऊ वर्षांपुढील मुलांची उंची, वजन, ५० मीटर व ६०० मीटर धाव, लवचिकता अशा नोंदी घेतल्या जातात. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीसाठीही अशाच चाचण्या होतात. निवासी प्रशिक्षणात त्यांत दुखापत, हिमोग्लोबिन, मुलींची मासिक पाळी यांची भर पडते. बहुधा हे सारे एकाच तक्त्यात लिहिले जाते आणि त्या तक्त्याचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाते. चूक येथेच होते.

या नोंदी तीन प्रकारच्या आहेत आणि त्या तीन ठिकाणी असाव्यात. धावण्याची वेळ व उडीचे अंतर ही कामगिरी होय. ती प्रशिक्षकाने पाहावी आणि निवड समितीला पाठवावी. वजन व उंची प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यापुरती राहावी; भिंतीवर लावू नये. आजार, रक्ततपासणी व पाळी यांची नोंद फक्त डॉक्टर किंवा परिचारिकेकडे, कुलूपबंद असावी. प्रशिक्षकाला त्यातून एवढेच कळावे की, ‘या मुलीने दोन आठवडे लांब धाव घेऊ नये.’ कारण कळण्याची त्याला गरज नाही. सराव आखण्यास एवढी सूचना पुरते.

एक उदाहरण पाहू. समजा, तेरा वर्षांच्या एका मुलीची उंची १४८ सेंटिमीटर व वजन ३८ किलो आहे. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, तर तिचा शरीरभार निर्देशांक १७.३ येतो. लिहिणाऱ्याने घाईत १४८ ऐवजी १३८ लिहिले, तर तोच निर्देशांक सुमारे २० होतो आणि सडपातळ मुलगी कागदावर भरलेल्या अंगाची दिसते. ही चूक पकडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक चाचणीनंतर तिचा स्वतःचा उतारा तिला वाचावयास देणे. आपली उंची तिला ठाऊक असते. दुरुस्ती करताना जुना आकडा खोडून टाकू नये. त्यावर एक रेघ मारून नवा आकडा, तारीख आणि सही लिहावी. मात्र तक्ता आधीच चार भ्रमणध्वनींत गेला असेल, तर ही दुरुस्ती एकाच प्रतीत होते. उरलेल्या प्रतींत चूक तशीच राहते.

संमतीबाबतही असेच आहे. प्रवेशअर्जाच्या तळाशी ‘सर्व नियम मान्य’ असे लिहून घेतलेली सही ही संमती नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी आई-वडील किंवा पालक यांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती कोणत्या माहितीसाठी व कोणत्या हेतूने घेतली, हे स्पष्ट असावे लागते, आणि ती जितक्या सहज दिली तितक्या सहज मागे घेता आली पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. कायदा संगणकीय माहितीपुरता आहे, हे खरे. पण वहीच्या पानाचे छायाचित्र काढले की ते पानही त्यात आले.

आपल्याकडे अनेक पालक ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात, काहींना वाचता येत नाही. म्हणून संमतिपत्र मराठीत, एका पानाचे असावे. ते मोठ्याने वाचून दाखवावे. आणि ‘सरावासाठी’, ‘निवड समितीसाठी’, ‘छायाचित्र व प्रसिद्धीसाठी’ अशा तीन वेगळ्या सह्या घ्याव्यात. तिसरी सही नाकारणाऱ्या पालकाच्या मुलाचा सराव त्यामुळे बंद होता कामा नये. मुलालाही त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत विचारावे. पालकांनी होकार दिला, म्हणून त्याचा संकोच संपत नाही.

कोणत्याही प्रशिक्षण केंद्राची कसोटी एका प्रश्नाने घेता येते. ‘माझ्या मुलीची नोंद कोठे कोठे आहे, ती कोणी पाहिली आणि ती केंद्र सोडून गेल्यावर केव्हा नष्ट होणार?’ वही चोख ठेवणारी संस्था त्याच दिवशी उत्तर देते. जिथे उत्तराऐवजी ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रश्न येतो, तिथे पालकांनी दुसरी सही करण्यापूर्वी पहिल्या सहीचा कागद पुन्हा मागावा.