चोवीस तास गरम? आधी तोंड पाहा

रहिमतपुरातून रोज साताऱ्याकडे कामाला जाणारे अनेकजण आहेत. त्यातलाच शेजारचा एक मुलगा परवा मोबाईलवर दोन फोटो दाखवत होता. एक अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली, खाली लिहिलेलं ‘२४ तास गरम’. दुसरा तीन पुडांचा डबा, त्याखाली ‘१२ तास गरम’. दोन्ही चकचकीत आणि ‘३०४ स्टील’चे. यातलं खरं काय, असं त्याने विचारलं.

पहिलं मत दुकानदाराचं असतं. फोटोवरून काही कळत नाही, कंपनी लिहिते त्यावर भरवसा ठेवा, असं तो सांगतो. दुसरं मत पारावरचं, की या सगळ्या थापाच असतात. मला दोन्ही मान्य नाहीत. फोटोवरून बांधणी बरीचशी ओळखता येते, आणि बांधणी कळली की दाव्यातला कोणता भाग शक्य आहे तेही ठरवता येतं.

‘३०४’ ही स्टीलची प्रत आहे. तिच्यामुळे सहजासहजी गंज लागत नाही, पण उष्णता टिकण्याशी तिचा संबंध नाही. उष्णता टिकते ती दोन भिंतींमधली हवा काढून घेतल्यामुळे. म्हणून फोटोत तोंडाची कड पाहायची. आतली आणि बाहेरची भिंत तोंडाशी स्टीलनेच एकमेकींना जोडलेली असेल आणि बाहेरचं अंगही अखंड स्टीलचं असेल, तर बाटली निर्वात असण्याचा संभव मोठा. आतलं भांडं स्टीलचं पण बाहेरचं कवच प्लास्टिकचं असेल, किंवा कडेला प्लास्टिकची रिंग बसवलेली दिसली, तर भिंतींमध्ये बहुधा फोम किंवा साधी हवा आहे. हे ठरवायला तळाचा आणि झाकण काढलेल्या तोंडाचा फोटो लागतो. विक्रेत्याने फक्त समोरून काढलेलं गुळगुळीत चित्र दिलं असेल, तर ग्राहकांनी टाकलेले फोटो शोधायचे.

आता बाटलीचा दावा तपासू. जपानी मानकानुसार चाचणी करताना खोलीचं तापमान २० अंश ठेवतात, बाटलीत ९५ अंशांचं पाणी भरतात आणि ६ तासांनी ते मोजतात. अर्ध्या लिटरच्या चांगल्या बाटलीत तेव्हा साधारण ६८ अंश उरतात. म्हणजे पाणी आणि खोली यांच्यातली ७५ अंशांची तफावत ४८ वर आली. पुढच्या प्रत्येक सहा तासांत उरलेल्या तफावतीचा साधारण तेवढाच, म्हणजे ६४ टक्के, भाग शिल्लक राहतो. त्यामुळे १२ तासांनी ५१ अंशांच्या आसपास, आणि २४ तासांनी जेमतेम ३३. हाताला कोमट लागेल इतकंच. मग ‘२४ तास गरम’ला काय म्हणायचं? किती अंशांना गरम, हे न लिहिल्यामुळे ते सिद्धही करता येत नाही आणि खोटंही पाडता येत नाही. मी त्याला दावा मानतच नाही. ‘६ तासांनी ६८ अंश’ हा दावा, कारण तो तापमापकाने घरी पडताळता येतो.

डब्याचं गणित निराळं आहे, आणि फसगत इथेच जास्त होते. बाटलीचं तोंड साडेचार सेंटिमीटरचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस सेंटिमीटर. डब्याचं तोंड बारा सेंटिमीटरचं, म्हणजे ११३. सातपट. भिंती निर्वात असल्या तरी झाकण बहुतेकदा प्लास्टिक आणि फोमचंच असतं, आणि उष्णता बहुतांशी तिथूनच निसटते. तोंड किती रुंद आहे हे मात्र फोटोत लगेच दिसतं. त्यात पुडं अर्धी भरलेली आणि वरच्या पुडात चपात्या. आमटीत पाणी भरपूर असल्याने ती उष्णता धरते. चपातीत पाणी कमी असतं, म्हणून चपाती आधी निवते. बाटलीच्या तोलामोलाचा ‘१२ तास’ हा आकडा डब्याला लावणं मला पटत नाही.

आयएसआय चिन्ह जरूर पाहावं. स्टीलच्या निर्वात बाटलीचं मानक IS 17526 आहे, आणि चिन्हाखालचा CM/L क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण परवाना खरा ठरला म्हणून विक्रेत्याचे चोवीस तास खरे ठरत नाहीत.

त्या मुलाची गरज सकाळी आठला भरून दुपारी एकला जेवण्याची होती. त्याला डबाच घ्यायला सांगितलं, पण आमटी सर्वांत खाली, पुडं काठोकाठ, आणि भरण्याआधी आत उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवायचं. रात्री उसाला पाणी धरायला जाताना चहा न्यायचा असेल तर बाटली. ती घरी आली की उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटांनी पोटाला हात लावून पाहायचा. झाकणाजवळ थोडी ऊब लागणारच. अंग गरम लागलं, तर आतली पोकळी गेलेली आहे, आणि ती बाटली त्याच दिवशी परत करायची.