सलूनची 3 हजारांची जाहिरात: चॅट 58 आले, गिऱ्हाईक किती?

22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. बातमी सगळ्यांनी वाचली, पण त्यातली एक अट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. या 5 टक्क्यांत इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर जो 18 टक्के जीएसटी भरावा लागतो, तो सलूनवाल्याला आता परत वळता करून घेता येत नाही. जीएसटी नोंदणीच नसलेल्या छोट्या पार्लरना तो आधीही मिळत नव्हता. थोडक्यात, 3,000 रुपयांच्या जाहिरातीचा खरा खर्च 3,540 रुपये. हिशोब इथूनच सुरू करायचा.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंचं कोथरूडमध्ये लेडीज सलून आहे. जाहिरातीचं सेटिंग मी करून दिलं होतं, त्यामुळे आकडे जवळून बघितले. (समजायला सोपं जावं म्हणून थोडे गोल केलेत.)

त्याआधी त्या रीलखालचं `Boost post` दाबायच्या आणि एरिया म्हणून अख्खं पुणे निवडायच्या. हडपसरची मुलगी आयब्रो करायला कोथरूडला कशाला येईल? आम्ही अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये नकाशावर सलूनची पिन टाकली आणि भोवती 2 किलोमीटरचं वर्तुळ घेतलं. रोजचे 100 रुपये, एकच जाहिरात, आणि बटण दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल अशी सोय. एकच जाहिरात का, तर मेटाच्या सिस्टिमला कोणाला दाखवायचं हे नीट शिकायला आठवड्याला साधारण 50 रिझल्ट लागतात. रोजच्या 100 रुपयांत तेवढे येतच नाहीत. त्यातही पैसे तीन जाहिरातींत वाटले, किंवा दर दोन दिवसांनी सेटिंग बदललं, तर ती शिकणार तरी कधी? म्हणून महिनाभर हात लावायचा नाही असं ठरवलं.

नोव्हेंबर संपला तेव्हा `Messaging conversations started` या रकान्यात 58 आकडा होता. म्हणजे एका चॅटला जेमतेम 52 रुपये. ताई खूश! पण हा आकडा फक्त चॅट सुरू झाल्याचा आहे. समोरची व्यक्ती खुर्चीत येऊन बसली का, हे मेटाला आपोआप कळत नाही. ते काउंटरवरच्या वहीत कळतं. बिल करताना प्रत्येकीला दोन प्रश्न विचारायचे, पहिल्यांदाच आलात का आणि कुठून कळलं, एवढंच आम्ही ठरवलं होतं.

वहीप्रमाणे त्या 58 पैकी 13 जणी आल्या. बाकीच्या बहुतेक रेट विचारून गायब. आणि 13 पैकी 4 तर जुन्याच गिऱ्हाईक निघाल्या. जाहिरातीतली सूट बघून आल्या होत्या, म्हणजे ज्या पूर्ण पैसे देऊन आल्या असत्या त्यांना आपणच स्वस्तात केलं. उरल्या 9. 3,540 भागिले 9, म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकाला 393 रुपये.

आता बिल सरासरी 600 रुपयांचं असलं तरी प्रॉडक्ट आणि मुलींचं कमिशन वजा जाता ताईंच्या हातात 350 च राहतात. 9 जणींचे झाले 3,150. पहिल्या महिन्यात 390 रुपयांचा तोटा! पुढच्या दोन महिन्यांत त्यातल्या 3 जणी पुन्हा आल्या, त्यांचे 1,050 धरले की गाडी 660 रुपये फायद्यात येते. म्हणून ही जाहिरात चालली की नाही, हे 30 तारखेला ठरवणं घाईचं होतं.

अजून एक शंका उरते. या 9 जणी जाहिरात नसती तरी आल्या असत्या का? याची तुलना ऑक्टोबरशी करून चालणार नाही, कारण दिवाळीआधी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरची वही काढली. तेव्हा नवीन गिऱ्हाईक 10 होते, यंदा एकूण 17. वाढ 7 ची आहे, 9 ची नाही. 7 धरले तर एका गिऱ्हाइकाचा खर्च 506 वर जातो आणि तो 660 चा फायदाही टिकत नाही. अर्थात 10 आणि 17 हे इतके लहान आकडे आहेत, की एखाद्या सोसायटीत एका लग्नघरामुळेही फरक पडू शकतो. एका महिन्यावरून मी तरी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

ताईंनी जाहिरात बंद केली नाही, पण सूट काढून टाकली. आता जाहिरातीत मंगळवार-बुधवार दुपारच्या रिकाम्या अपॉइंटमेंट दाखवतात आणि रेट थेट फोटोवरच लिहितात. चॅट कमी येतायत. वहीत किती येतात, ते तीन महिन्यांनी बघू.