विश्लेषण : अपघाती मृत्यू घटले म्हणजे रस्ते सुरक्षित झाले का?

करोनाच्या टाळेबंदीचे वर्ष असलेल्या २०२० मध्ये भारतातील रस्ते अपघातांतील मृत्यू आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी अमेरिकेत ते जवळपास ७ टक्क्यांनी वाढले. यावरून आपले रस्ते सुरक्षित झाले आणि अमेरिकेतले बिघडले, असा निष्कर्ष काढता येईल का? त्यासाठी वाहने किती धावली, हे आधी कळायला हवे.

अमेरिकेत नेमके काय झाले?

तेथे २०१९ मध्ये ३६,३५५ जणांचा, तर २०२० मध्ये ३८,८२४ जणांचा मृत्यू झाला. मात्र वाहनांनी कापलेले एकूण अंतर सुमारे ३.२६ लाख कोटी मैलांवरून २.९० लाख कोटी मैलांवर आले. म्हणजे दर १० कोटी मैलांमागे मृत्यू १.११ वरून १.३४ वर गेले. मृतांचा आकडा ७ टक्क्यांनी वाढलेला दिसत असला, तरी प्रत्येक मैलाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता.

मग साधा भागाकार पुरेसा नाही का?

दोन मोठ्या आकड्यांसाठी पुरतो. जिल्हे, रस्ते, महिने यांची तुलना करताना तो फसवतो. एखाद्या छोट्या रस्त्यावर वर्षाला सरासरी दोन मृत्यू होत असतील आणि यंदा चार झाले, तर दर ‘दुप्पट’ होतो. पण सरासरी दोन असताना निव्वळ योगायोगाने चार किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता साधारण सातात एक असते. दोनशेचे चारशे झाले, तर तो योगायोग म्हणता येत नाही. भागाकार केल्यावर हा फरक पुसला जातो.

म्हणून संख्याशास्त्रज्ञ मोजलेली संख्या तशीच ठेवतात आणि पॉयसाँ प्रारूप वापरतात. त्याची मांडणी अशी :

लॉग(अपेक्षित मृत्यू) = लॉग(अंतर) + मूळ पातळी + इतर घटकांचा परिणाम

यातील लॉग(अंतर) म्हणजे ‘ऑफसेट’. इतर घटकांचे गुणक आकडेवारीवरून काढले जातात. ऑफसेटचा गुणक मात्र आधीच १ ठरवलेला असतो. अंतर दुप्पट झाले की अपेक्षित मृत्यूही दुप्पट, एवढाच त्याचा अर्थ. हा भाग बाजूला काढला की उरते ते धोक्याचे गणित. अमेरिकेच्या आकड्यांत २०२० या वर्षाचा गुणक ०.१८ येतो. त्याचा लॉग उलटवला की १.२०, म्हणजेच २० टक्के वाढ. ऑफसेट वगळला तर तोच गुणक ०.०७ च्या आसपास येतो आणि वाढ जेमतेम ७ टक्के दिसते.

वैद्यकीय अभ्यासांत अंतराच्या जागी ‘व्यक्ती-वर्षे’ येतात. शंभर जणांवर पाच वर्षे लक्ष ठेवले, तर ती ५०० व्यक्ती-वर्षे. बाकी गणित तेच.

हे प्रारूप कुठे चुकते?

पहिली अडचण त्या ‘१’मध्येच आहे. गर्दी कमी झाली की अपघात त्याच प्रमाणात कमी होतातच असे नाही, कारण मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो. २०२० मध्ये अमेरिकी यंत्रणांनी बेदरकार वेग, मद्यपान आणि सीटबेल्ट न लावणे याकडे बोट दाखवले होते. अनेक रस्त्यांची किंवा महिन्यांची आकडेवारी असेल, तर लॉग(अंतर)चा गुणक मोकळा सोडून तो १ च्या जवळ येतो का, हे तपासता येते.

दुसरी अडचण चढउताराची. पॉयसाँ प्रारूपात सरासरी आणि विचरण समान मानले जाते. प्रत्यक्षात एका बस अपघातात वीस जण दगावतात आणि आकडे त्याहून जास्त हेलकावे खातात. तसे असेल तर प्रारूप गरजेपेक्षा जास्त खात्रीने बोलू लागते. अशा वेळी ‘ऋण द्विपद’ प्रारूप वापरावे लागते.

भारतात अडचण काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात मृत्यूंचे प्रमाण लोकसंख्या, नोंदणीकृत वाहने आणि रस्त्यांची लांबी यांच्या तुलनेत दिले जाते. टाळेबंदीत यातले काहीच घटले नव्हते. गाड्या दारात उभ्या होत्या, तरी नोंदणी कायम होती. त्यामुळे त्या १३ टक्क्यांच्या घटीत सुरक्षिततेचा वाटा किती आणि थांबलेल्या चाकांचा किती, हे या आकड्यांतून सांगता येत नाही.

तरीही काही ठिकाणी सुरुवात करणे अवघड नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या टोल रस्त्यांवर वाहनांची मोजणी होतेच. दोन नाक्यांमधून गेलेली वाहने गुणिले त्या टप्प्याची लांबी, एवढ्यावर वाहन-किलोमीटर हाती येतात. अपघातांच्या आकड्यांसोबत तेही दर महिन्याला जाहीर व्हायला हवेत. तोवर ‘अपघात घटले’ या दाव्यावर एकच प्रश्न विचारावा : किती किलोमीटरमागे?