तान्ह्या बाळाला खसखस नको

आमच्या इगतपुरीत दिवाळीचे अनारसे असोत की मटणाचा रस्सा, खसखशीवाचून भागत नाही. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बाळ रात्री झोपत नाही म्हणून त्याला खसखशीचे दूध किंवा पाणी पाजण्याला. दवाखान्यात येणाऱ्या आज्यांना मी हेच सांगतो.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. बियांच्या आत मॉर्फिन जवळजवळ नसतेच, पण बोंडाचा चीक आणि भुगा बियांना बाहेरून चिकटतो. बी भिजवले की तो पाण्यात उतरतो. खसखस धुऊन, पाणी फेकून, वाटून रश्श्यात शिजवली की मॉर्फिन बरेच कमी होते. बाळाला मात्र आपण नेमके तेच पाणी पाजतो!

आता हिशेब पाहा. युरोपातील तज्ज्ञांनी 2018 साली एका दिवसाची सुरक्षित मर्यादा ठरवली, ती शरीराच्या दर किलो वजनामागे 10 मायक्रोग्रॅम मॉर्फिन. चार किलोच्या बाळाला ती 40 होते. तिथल्या 2022 पासूनच्या कायद्यानुसार विक्रीच्या एक किलो खसखशीत 20 मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फिन चालते. म्हणजे कायद्यात बसणाऱ्या एका चमच्यात, सुमारे तीन ग्रॅममध्ये, 60 मायक्रोग्रॅम असू शकते. साठ किलोच्या माणसाची मर्यादा 600, त्याला चमचाभर खसखशीने काही होत नाही. बाळाची मर्यादा मात्र ओलांडली जाते. शिवाय त्याचे यकृत कच्चे असल्याने औषध शरीरात रेंगाळते आणि मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते.

हा प्रकार नवा नाही. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत. बाळ शांत झोपे, पण ती झोप गुंगीची असे.

खसखस पाजल्यावर बाळ उठवूनही उठत नसेल, दूध ओढत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील किंवा श्वास संथ, थांबून थांबून येत असेल, तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालयात न्या आणि काय पाजले ते न लपवता सांगा. नॅलोक्झोन नावाचे उतारा-औषध आहे. ते वेळेत मिळायला हवे.

मोठ्यांसाठी एकच सूचना. नोकरीसाठी किंवा स्पर्धेसाठी लघवीची अमली पदार्थांची तपासणी असेल, तर आधी तीन दिवस खसखस टाळा. खसखशीमुळे निर्दोष माणसे अडकत, म्हणून अमेरिकेने सरकारी तपासणीतील मॉर्फिनची मर्यादा 1998 मध्ये 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली. तरीही 2023 मध्ये तिथल्या सैनिकांना खसखस टाळण्याचा सल्ला देण्यात आला. दुबईला जाणाऱ्यांनी तर सामानात खसखशीची पुडीही नेऊ नये. तिथे तिच्यावर बंदी आहे.