दोन लाख, पण कशासकट आणि कधी?

सल्लागाराच्या एंगेजमेंट लेटरमध्ये कामाची व्याप्ती दोन पानं भरून असते आणि फीचं कलम एका ओळीत उरकलेलं असतं: ‘एकूण फी रुपये २,००,०००, सर्व करांसहित. अहवाल मंजूर झाल्यावर देय.’ वाचायला ही ओळ सरळ वाटते. तिच्यातले दोन शब्दप्रयोग मात्र सल्लागाराला महागात पडतात.

आधी ‘सर्व करांसहित’ घेऊ. समजा, चाकणमधल्या एका कारखान्यासाठी एक उत्पादन-सल्लागार काम करतो आहे आणि त्याची जीएसटी नोंदणी आहे. त्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. कर दोन लाखांच्या आतच धरला, तर मूळ फी उरते १,६९,४९२ रुपये आणि ३०,५०८ रुपये सरकारजमा होतात. त्याच जागी ‘फी रुपये २,००,००० अधिक लागू दराने जीएसटी’ असं लिहिलं असतं, तर बिल २,३६,००० रुपयांचं झालं असतं आणि फीचे दोन लाख शाबूत राहिले असते. कारखान्याला बहुतेक वेळा या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. म्हणजे ज्याने तिथे फारशी कुरकुर केली नसती, त्याच्यापुढे सल्लागाराने तीस हजारांवर आपणहून पाणी सोडलं.

टीडीएसचंही तसंच. व्यावसायिक फीवर दहा टक्के कापले जातात. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल, तर ही कपात फक्त मूळ फीवर करायची, असं प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. तरीही काही लेखा विभाग पूर्ण बिलावर कापून मोकळे होतात. म्हणून कलमात लिहावं: ‘टीडीएस जीएसटी वगळून मूळ फीवर कापला जाईल आणि त्याचं प्रमाणपत्र सल्लागाराला मुदतीत दिलं जाईल.’

आता ‘मंजूर झाल्यावर’. खरा फास इथे आहे. मंजुरी कोणी द्यायची, किती दिवसांत द्यायची आणि दिलीच नाही तर काय, यातलं काहीच त्या ओळीत नाही. अहवाल कारखान्याच्या मॅनेजरकडे जातो, तिथून संचालकांकडे. संचालक परदेशी असतात, मग ऑडिट निघतं, मग ‘दोन छोट्या दुरुस्त्या’ येतात. काम संपून चार महिने होतात आणि फी अजून देयसुद्धा झालेली नसते. अशा वेळी बिल थकलं म्हणून ओरडायलाही जागा नसते, कारण पत्राप्रमाणे ते थकलेलंच नाही.

फी देय होण्याचा दिवस सल्लागाराच्या हातातल्या घटनेला बांधायला हवा. उदाहरणार्थ: ‘अहवाल ईमेलने पाठवल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो स्वीकारला असं मानलं जाईल. रक्कम बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत देय.’ कारखान्यातलं कोणी याला आडमुठेपणा म्हणालं, तर त्याला कायदा दाखवावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मध्येही १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. सल्लागाराची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर करारात काहीही लिहिलं तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे मुदत नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करावी; नंतर केलेल्या नोंदणीवरून पक्षकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आहेत.

एवढं करूनही शेवटचा हप्ता मोठा ठेवला, तर सगळी मेहनत वाया जाते. ज्या पैशासाठी सर्वांत जास्त दिवस वाट पाहावी लागते, तो हप्ता सर्वांत लहान असावा. सुरुवातीला ४० टक्के, मसुदा अहवालावर ४० आणि अंतिम अहवालावर २० ही विभागणी रास्त आहे. पहिले ४० टक्के जमा झाल्यावरच कामाची मुदत मोजायला सुरुवात होईल, हेही तिथेच लिहावं.

वकिलाच्या पत्राची गोष्ट थोडी वेगळी. व्यावसायिक संस्थेला दिलेल्या वकिली सेवेवरचा जीएसटी साधारणपणे रिव्हर्स चार्जने अशीलच भरतो, म्हणून ‘अधिक जीएसटी’ हे कलम तिथे जसंच्या तसं उतरवू नये. दाव्यात मिळणाऱ्या रकमेचा टक्का फी म्हणून लावणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांना मान्य नाही. बी. सुनीता प्रकरणात, २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयाने अशी फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली आणि तिच्यासाठी घेतलेल्या चेकवरून वकिलाने केलेली फौजदारी तक्रार रद्द केली. त्यामुळे फी टप्प्याटप्प्याने किंवा सुनावणीगणिक ठरवावी. कोर्ट फी, नोटरी, टायपिंग आणि प्रवासाचा खर्च तिच्याबाहेर ठेवावा. तारीख पडून सुनावणी तहकूब झाली, तर त्या दिवसाची फी पूर्ण, निम्मी की काहीच नाही, हे आकड्यात लिहावं. अशील आणि वकिलात सर्वांत जास्त कटुता याच एका बाबीवरून येते आणि बहुतेक पत्रांत तिचा उल्लेखही नसतो.